भाड्याचं घर सोडताना मालकाला मेल कसा लिहावा, आणि डिपॉझिटची तारीख त्याच मेलमध्ये का विचारावी

मागच्या जूनमध्ये माझ्या मावसबहिणीला पुण्यात नोकरी लागली. ऐरोलीचं घर सोडायचं होतं. तिने मालकांना फोन केला, "काका, आम्ही जुलैमध्ये जातोय." काका म्हणाले, "बरं बरं, अभिनंदन, बघू आपण." झालं, नोटीस दिली असं समजून ती खोकी गोळा करायला लागली. मी विचारलं, "डिपॉझिट कधी देणार म्हणाले?" तर ते विचारलंच नव्हतं. "जाताना देतीलच ना?"

मी दहा-बारा वर्षं ठाण्यात भाडेकरू होतो आणि आता माझा स्वतःचा एक छोटा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. डिपॉझिटचा लाखभर रुपये मालकाच्या कपाटात तसाच पडून असतो असं भाडेकरूला वाटतं. प्रत्यक्षात तो कधी एफडीत असतो, कधी गृहकर्जाच्या हप्त्यात गेलेला असतो, कधी मुलीच्या फीमध्ये. मालकाला पैसे उभे करायला वेळ लागतो, आणि नोटीसचा महिना हा नेमका तो वेळ असतो. तुम्ही घर सोडण्याच्या दिवशी विचारलंत, तर तो महिना फुकट गेला. मग ऐकू येतं ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं वाक्य: "नवीन भाडेकरू आला की लगेच देतो."

म्हणून नोटीस आणि डिपॉझिटचा प्रश्न एकाच मेलमध्ये, पहिल्याच दिवशी. तो कसा लिहायचा ते ऐरोलीच्याच उदाहरणावरून सांगतो.

आधी करार उघडा

लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुतेकांनी नोंदणीच्या दिवशी अंगठा लावताना पाहिलेला असतो, त्यानंतर नाही. पीडीएफ सापडत नसेल तर एजंटकडे मागा. त्यात चार गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिली, लॉक-इन. म्हणजे अमुक महिने दोघांपैकी कुणीही करार मोडायचा नाही. बहिणीचा करार अकरा महिन्यांचा, 1 नोव्हेंबर ते 30 सप्टेंबर, आणि लॉक-इन सहा महिन्यांचं. ते 30 एप्रिलला संपलेलं होतं, म्हणजे वाट मोकळी. तुमचं लॉक-इन संपलं नसेल तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागायला मालकाला करारच आधार देतो. मग हा लेख बाजूला ठेवून आधी त्यांच्याशी बोलून घ्या, कारण तिथे नोटीस द्यायची नसते, सवलत मागायची असते.

दुसरी, नोटीस किती आणि कशी. आपल्याकडच्या छापील करारांत बहुधा "एक महिन्याची लेखी नोटीस" असं असतं. लेखी हा शब्द महत्त्वाचा. फोनवरचं "बरं बरं" लेखी नाही. काही करारांत नोटीस पोस्टाने किंवा हातोहात द्यायची असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर मेल करा आणि त्याचीच छापील, सही केलेली प्रत स्पीड पोस्टनेही पाठवा. पोस्टाचा खर्च वडापावच्या हिशेबात मोजण्याइतका आहे, त्याची पावती मात्र फार कामाची.

तिसरी, डिपॉझिटचं कलम. "घर रिकामं करून ताबा देताना, थकबाकी वजा करून, बिनव्याजी परत" अशा अर्थाचं वाक्य तिथे असतं. ते जसंच्या तसं कॉपी करून ठेवा, मेलमध्ये लागणार आहे. काही करारांत इथेच रंगकामाची ठरावीक रक्कम कापायची अट असते. ती असेल तर ती तुम्ही सही करून मान्य केलेली आहे, आता वाद घालण्यात अर्थ नाही.

चौथी, मालक कोण. फोनवर तुम्ही काकांशी बोलता, भाडं काकूंच्या खात्यात जातं आणि करारात दोघांची नावं आहेत, असं सर्रास असतं. करारात जितकी नावं तितक्यांना मेल.

करार नोंदवलेलाच नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदणीकृत करार नसला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तेव्हा घाबरू नका. पण अशा वेळी डिपॉझिट दिल्याचा बँकेतला पुरावा आधी शोधा. रोख दिलं असेल आणि पावती नसेल, तर पहिल्या मेलमध्येच "दिनांक अमुक रोजी आपणास दिलेलं अमुक इतकं डिपॉझिट" असा स्पष्ट उल्लेख करा. मालकांनी उत्तरात तो आकडा नाकारला नाही तर तोच मेल पुढे तुमच्या कामी येतो.

तारखेचा हिशेब

बहिणीला 21 जुलैला पुण्यात रुजू व्हायचं होतं. सामान 12 जुलैला, रविवारी, हलवायचं ठरलं. म्हणजे नोटीस कधी द्यायची?

करारात "30 दिवस" लिहिलंय की "एक महिना", ते पाहा. महिना असेल तर कॅलेंडरचा महिना धरतात, आणि ज्या दिवशी नोटीस दिली तो दिवस मोजायचा नाही. 10 जूनला दिलेली एक महिन्याची नोटीस 10 जुलैला पूर्ण होते. तिने 10 जूनला मेल केला आणि ताबा द्यायची तारीख 12 जुलै लिहिली. दोन दिवस हातात ठेवले, कारण मेल रात्री साडेदहाला गेला, तुम्ही तो दुसऱ्या दिवशी वाचला, असल्या चर्चेला जागाच नको.

ताबा देईपर्यंतचं भाडं द्यायचं की महिनाअखेरपर्यंतचं, हा प्रश्न इथेच येतो. काही मालक म्हणतात की भाडं महिन्याचं असतं, जुलै पूर्ण द्या. करारात तसं लिहिलेलं नसेल तर दिवसांच्या प्रमाणात हिशेब मागायला हरकत नाही. भाडं 26,000. जुलैचे 31 दिवस. बारा दिवसांचे 10,065 रुपये होतात. हा आकडा मेलमध्ये स्वतःहून लिहा. काकांना काही वेगळं वाटत असेल तर ते 11 जूनला कळेल, 12 जुलैला टेम्पो खाली उभा असताना नाही.

शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायची पद्धत आपल्याकडे आहे. "राहू दे, डिपॉझिटमधून कापा." मालकाने लेखी हो म्हटलं तर ठीक. पण न विचारता करू नका. एक तर भाडं थकवलं असं रेकॉर्डवर येतं, आणि दुसरं म्हणजे हिशेबात एक मोठी वजावट आली की तिच्या आडोशाने लहान लहान वजावटी शिरतात. भाडं वेगळं भरा. डिपॉझिट शेवटपर्यंत एकसंध, गोल आकडा राहू द्या: एक लाख दिले होते, एक लाख यायचे आहेत. त्यातून मालक जे कापतील ते कारण सांगून कापू देत.

कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या पत्त्यावर

नोकरी बदलतेय म्हणून घर सोडताय आणि मेल ऑफिसच्या पत्त्यावरून केलात, तर राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी तो मेलबॉक्स बंद होईल. डिपॉझिटचा सगळा पत्रव्यवहार त्यात. बहीण हेच करणार होती. स्वतःचा खासगी मेल वापरा, आणि करारात ज्याचं नाव आहे त्याच्याच पत्त्यावरून पाठवा. करार नवऱ्याच्या नावावर असेल तर नोटीस नवऱ्याच्या मेलवरून, तुम्ही सीसीमध्ये.

मालकाचा मेल करारात असतोच असं नाही, आणि असला तरी कधी कधी तो एजंटचा निघतो, कारण फॉर्म त्याने भरलेला असतो. सरळ व्हॉट्सॲपवर विचारा: "काका, घराबाबत एक मेल पाठवायचाय, तुमचा आणि काकूंचा मेल आयडी द्याल का?" हा संदेश आणि त्याचं उत्तर दोन्ही जपून ठेवा. पत्ता त्यांनीच दिला, हे त्यातून दिसतं. काका मेल बघतच नसतील तर मेल पाठवून त्याचीच पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाका आणि फोन करून सांगा. फोन आधी झाला तर उत्तमच. वर्षभर ज्यांच्याकडे गणपतीचा प्रसाद नेला त्यांना थेट "नोटीस" या मथळ्याचा मेल गेला तर माणूस दुखावतो. आधी बोला, मग "जे बोललो ते मेलवर लिहून पाठवते" म्हणा.

मेल

भाषा मालकांना वाचायला सोपी जाईल ती. वाशीतले मालक मराठी वाचत नसतील तर इंग्रजीत लिहा, मुद्दे हेच. बहिणीचा मेल साधारण असा होता:

> विषय: ऐरोली फ्लॅट: एक महिन्याची नोटीस, ताबा 12 जुलै, डिपॉझिट परतीबाबत
>
> आदरणीय काका आणि काकू,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> 8 जूनला फोनवर बोलल्याप्रमाणे, माझी पुण्याला नोकरी ठरल्यामुळे आम्ही आपला फ्लॅट (इमारत, फ्लॅट क्रमांक, सेक्टर) सोडत आहोत. 1 नोव्हेंबरपासूनच्या आपल्या लिव्ह अँड लायसन्स करारानुसार ही एक महिन्याची लेखी नोटीस आज, 10 जून रोजी देत आहे. घर रिकामं करून चाव्या आम्ही रविवार, 12 जुलै रोजी दुपारी 4 वाजता फ्लॅटवर आपल्या हाती देऊ.
>
> जूनचं भाडं भरलेलं आहे. 1 ते 12 जुलै या बारा दिवसांचं भाडं 10,065 रुपये होतं (26,000 ÷ 31 × 12), ते मी 1 जुलैला आपल्या खात्यात भरीन.
>
> करारातील कलमानुसार 1,00,000 रुपये डिपॉझिट ताबा देताना परत मिळायचं आहे. वीज आणि गॅसचं त्या दिवसापर्यंतचं देणं मीटरचं रीडिंग घेऊन त्यातून वजा करू. उरलेली रक्कम 12 जुलैलाच, चाव्या देताना, माझ्या खात्यात पाठवणं आपल्याला जमेल का? जमणार नसेल तर कोणत्या तारखेला जमेल, तेवढं कृपया 17 जूनपर्यंत या मेलला उत्तर देऊन कळवावं. खात्याचा तपशील खाली दिला आहे. नवीन खातं जोडल्यावर सुरुवातीला बँक मोठी रक्कम पाठवू देत नाही, म्हणून ते आधीच जोडून ठेवलं तर बरं पडेल.
>
> घराची पाहणी आपण 27 किंवा 28 जूनला करावी अशी विनंती आहे. काही दुरुस्ती आमच्याकडून व्हायची असेल तर ती निघण्याआधी करून देता येईल. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला पावसाची ओल येते, हे मागच्या आठवड्यात फोटोसह कळवलंच आहे.
>
> सामान नेण्यासाठी सोसायटीला आपलं पत्र लागतं. ते कृपया 5 जुलैपर्यंत सेक्रेटरींना पाठवावं. नवीन भाडेकरूंना घर दाखवायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, आम्ही संध्याकाळी 7 नंतर आणि शनिवार-रविवारी घरी असतो.
>
> आपली,
> (नाव, फोन, बँक खात्याचा तपशील)

यातलं कुठलं वाक्य कशासाठी आहे ते सांगतो, कारण तुमचं घर वेगळं, तुमचा मेल वेगळा होणार.

"देत आहे" हे क्रियापद पाहा. "आम्ही जुलैमध्ये सोडायचा विचार करतोय" ही नोटीस नव्हे, ती बातमी झाली. मालक नंतर म्हणू शकतात की नक्की कुठे सांगितलं होतं? आज नोटीस देत आहे, अमुक तारखेला ताबा देत आहे, एवढं ठाम हवं. बाकीचा सूर हवा तितका मऊ ठेवा.

डिपॉझिटचं वाक्य मी तिच्याकडून तीनदा लिहून घेतलं. पहिला मसुदा होता: "कृपया डिपॉझिट लवकरात लवकर परत करावे." लवकर म्हणजे कधी? काकांच्या लेखी गणपतीपर्यंत म्हणजेसुद्धा लवकरच. दुसऱ्या मसुद्यात ती थेट वकिलासारखी बोलायला लागली, व्याजबिज. भांडण झालेलं नसताना व्याज काढलं की समोरचा सावध होतो आणि उत्तर द्यायच्या आधी भाच्याला विचारतो. शेवटी ठरलं ते असं: आपणच एक तारीख सुचवायची, जमेल का विचारायचं, आणि न जमल्यास त्यांची तारीख मागायची. "हो" किंवा "20 तारखेला देतो", दोन्ही उत्तरं चालतात. न चालणारं उत्तर एकच, तारीख नसलेलं.

17 जूनची मुदत कशाला? कारण त्यानंतर तुमच्या हातात पंचवीस दिवस उरतात. उत्तर आलं नाही तर आठवण करायला, पोस्टाने प्रत पाठवायला, भेटून यायला वेळ असतो.

खातं आधी जोडून ठेवण्याची ओळ लोकांना गमतीची वाटते. माझ्या भाडेकरूने घर सोडलं तेव्हा मी दीड लाख पाठवायला बसलो आणि अडकलो. यूपीआयने एका दिवसात साधारण एक लाखाच्या वर जात नाही, आणि नेटबँकिंगमध्ये नवीन खातं जोडल्यावर बऱ्याच बँका पहिले 24 तास मोठी रक्कम रोखतात. तो बिचारा सोफ्यावर बसून माझ्याकडे संशयाने बघत होता, आणि माझी खरोखरच नियत साफ होती. रविवार असल्याने काही अडत नाही, आयएमपीएस आणि एनईएफटी रोज चोवीस तास चालतात. अडतं ते या मर्यादेवर.

पाहणी आधी, सामान नंतर

डिपॉझिटची सगळी भांडणं वजावटीवरून होतात, आणि वजावटी शेवटच्या दिवशी जन्माला येतात. सामान हललं की कपाटामागची भिंत दिसते, खिळ्यांची भोकं दिसतात, आणि मालक कपाळाला आठ्या घालून फिरायला लागतात. मी नौपाड्यात राहत होतो तेव्हा निघताना रंगाचे म्हणून 14,000 कापले गेले. तीन वर्षांत भिंती जितक्या मळायच्या तितक्याच मळल्या होत्या. पण आत शिरलो तेव्हाचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता, आणि टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता. मी सही करून निघालो.

त्यामुळे दोन आठवडे आधीची पाहणी. मालकांबरोबर खोल्याखोल्यांतून फिरा आणि ते जे म्हणतील ते त्याच संध्याकाळी त्याच मेलला उत्तर म्हणून लिहा. ऐरोलीच्या पाहणीत तीन गोष्टी निघाल्या. किचनच्या खिडकीची मच्छरजाळी फाटली होती, ती बहिणीच्या मुलाचीच करामत. काकांनी 600 सांगितले, तिने मानले. हॉलचा रंग फिका पडलाय असं काकू म्हणाल्या. वापराने जी झीज होते ती भाड्यातच आली, तिचा वेगळा खर्च नसतो, हे तिने नम्रपणे सांगितलं, आणि करारातही रंगाची अट नव्हती. काकूंनी विषय सोडला. तिसरी ओल. जूनच्या अखेरीस बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे सुटायला लागले होते. नवी मुंबईचा पाऊस बाहेरच्या भिंतीतून आत येतो, त्यात भाडेकरूचा काय दोष? पण हे फोटोसह आधी कळवलेलं असल्यामुळेच तो प्रश्न दोन मिनिटांत मिटला. नाही तर "तुम्ही खिडकी उघडी टाकलीत" इथून सुरुवात झाली असती. तुमच्याकडे ओल येत असेल तर नोटीसची वाट न पाहता पहिल्या पावसातच कळवा.

सोसायटीचं मात्र विसरू नका. बऱ्याच संकुलांत मालकाच्या पत्राशिवाय किंवा मेलशिवाय वॉचमन टेम्पो बाहेर सोडत नाही, आणि सामान हलवायची वेळही ठरलेली असते. काही ठिकाणी त्याची फी असते. ही फी कोण भरणार ते पाहणीच्या वेळीच बोलून घ्या.

चाव्या आणि हिशेब

12 जुलैला दुपारी काका आले. आधी दोन्ही मीटरचे फोटो काढले, तारीख-वेळेसह. महावितरणचं शेवटचं बिल 4,312 च्या रीडिंगपर्यंत भरलेलं होतं, त्या दिवशी मीटर 4,398 दाखवत होता, म्हणजे 86 युनिट. पुढचं बिल यायला वेळ होता. तेव्हा अडून न बसता अंदाज काढायचा: मागचं बिल 140 युनिटचं 1,470 रुपये आलं होतं, म्हणजे स्थिर आकार धरून युनिटला साडेदहा. 86 युनिटचे साधारण 900. स्लॅबमुळे हे अचूक नसतं, थोडं इकडेतिकडे होतं. पण "बिल आलं की मग हिशेब करू" म्हणून सगळं डिपॉझिट महिनाभर थांबवण्याचं कारण त्यामुळे उरत नाही. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, तिथेही रीडिंगवरून 400 ठरले.

हिशेब असा झाला: वीज 900, गॅस 400, जाळी 600, एकूण 1,900. परत यायचे 98,100. काकांनी खातं आधीच जोडून ठेवलं होतं. तरी सवयीने पहिल्यांदा 5,000 पाठवले, "आले का बघ" म्हणाले, आणि मग उरलेले 93,100.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आल्यावर चाव्या दिल्या. किती चाव्या, मीटरची रीडिंग, किती रक्कम मिळाली, कुणाचं कुणाकडे काही देणं नाही, असं पाच ओळींचं कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. याला ताबा पावती म्हणा किंवा काहीही म्हणा. त्याचा फोटो त्याच मेलला जोडून पाठवला, म्हणजे 10 जूनला सुरू झालेलं प्रकरण एकाच धाग्यात संपलं.

उत्तरच आलं नाही, किंवा तारीख टळली

मुदतीपर्यंत उत्तर नसेल तर नवा मेल लिहू नका. जुन्याच मेलवर उत्तर लिहून पाठवा, म्हणजे पहिल्या मेलची तारीख खाली दिसत राहते. दोन ओळी पुरेत: 10 तारखेच्या नोटीसची आठवण, ताब्याची तारीख तीच आहे, डिपॉझिटची तारीख कळवावी. त्याच दिवशी छापील प्रत स्पीड पोस्टने, करारातल्या पत्त्यावर. उत्तर न आल्याने नोटीस रद्द होत नाही. मालकांची संमती मागायची नसते, कळवायचं असतं.

मालक म्हणाले की नवीन भाडेकरू आल्यावरच पैसे, तर डोकं शांत ठेवून विचारा: अर्धे 12 तारखेला आणि अर्धे 31 जुलैला चालतील का? हप्ते मान्य करण्यात कमीपणा नाही, पण दोन्ही तारखा मेलवर घ्या, आणि शक्य झाल्यास दुसऱ्या हप्त्याचा पुढच्या तारखेचा चेक. नवीन भाडेकरू मिळणं ही तुमच्या करारातली अट नाही, एवढं एकदा सौम्य शब्दांत लिहून ठेवा.

"पैसे मिळेपर्यंत चावी देणार नाही" हा सल्ला पुष्कळजण देतात. चावी आणि पैसे एकाच वेळी, ही मागणी रास्त आहे. काही करारांत तर डिपॉझिट न दिल्यास भाडेकरूला ते मिळेपर्यंत राहता येईल असं कलमही असतं, ते वाचा. पण असं कलम नसेल आणि कराराची मुदत संपून गेली असेल तर घर अडवून बसणं अंगाशी येतं. वर सांगितलेल्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई वसूल होऊ शकते. 26,000 च्या घराला महिन्याला 52,000. लाखाचं डिपॉझिट दोन महिन्यांत संपलं. अशा वेळी घराचा व्हिडिओ काढा, मीटरचे फोटो घ्या, चाव्या दोन साक्षीदारांसमोर किंवा पावती घेऊन द्या, आणि त्याच दिवशी मेल करा: ताबा दिला, येणं इतकं, पंधरा दिवसांत द्यावं.

पंधरा दिवसही गेले तर वकिलाची नोटीस. पोलीस ठाण्यात जाऊन फारसं होत नाही, पैशाचा वाद दिवाणी आहे असं सांगून परत पाठवतात. दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. वकिलाकडे जाताना करार, डिपॉझिट दिल्याची बँकेची नोंद, पहिला मेल आणि त्याखालचा सगळा पत्रव्यवहार छापून न्या.

ऐरोलीचं बिल पुढच्या महिन्यात आलं. काकांनी फोटो पाठवला, बहिणीच्या वाट्याचे 931 होत होते. तिने न मागता 31 रुपये पाठवले. काकांनी उत्तरात हात जोडलेली इमोजी आणि विचारपूस: "पुण्याचं पाणी मानवलं का?"